बारशाची पावती

आमच्या बँकेच्या तिजोरीत दागिन्यांपेक्षा जास्त जपलेल्या वस्तू म्हणजे मुदत ठेवीच्या पावत्या. त्यांतही एक गठ्ठा वेगळा ओळखू यायचा. नावापुढे 'अ.पा.क.' आणि रक्कम ठरावीक: हजार, अडीच हजार, पाच हजार. जन्मतारीख आणि ठेवीची तारीख यांत पंधरा-वीस दिवसांचं अंतर. म्हणजे बारसं झालं की आजोबा, मामा किंवा मुंबईत माथाडी काम करणारा काका येऊन पोराच्या नावानं पैसे टाकून जायचा आणि सांगायचा, "साहेब, पोरगं अठराचं होईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही."

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाखांत माझी नोकरी झाली. बँकेचं नाव सांगत नाही, कारण पुढे येणाऱ्या काही गोष्टींत आमच्याच लोकांचा आळस आहे. या भागात बारशाला रोख रक्कम देण्याची पद्धत जुनी. पाटण-जावळीचा माणूस मुंबईहून पैसे पाठवणार, अपशिंग्याचा जवान सुट्टीवर आला की टाकणार, विटा-आटपाडीकडचा गलाईवाला केरळातून नाहीतर तामिळनाडूतून रक्कम धाडणार. देणाऱ्यांची समजूत मात्र सगळ्यांची एकच. पैसे बँकेत टाकले की झाडासारखे आपोआप वाढतात. काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला ठाऊक असतं की तसं नसतं. मुदत ठेवीला मुदत असते, आणि ती आमच्या काळात सहसा पाच वर्षांची असायची. आजही बँका दहा वर्षांपलीकडे ठेव घेत नाहीत. म्हणजे अठरा वर्षं हात न लावलेली ठेव, असा प्रकार बँकेत नाहीच. मध्ये निदान एकदा, आमच्या वेळी तीन वेळा, कुणीतरी पावती घेऊन काउंटरवर यावंच लागे.

ते न आल्यानं काय होतं, हे मला 2010 साली एका मुलीच्या पावतीनं दाखवलं. कॉलेजला जाणारी, बरोबर आई. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी पडून पिवळी झालेली पावती. 1992 च्या सुरुवातीची, 5,000 रुपये, दर 13 टक्के, मुदत पाच वर्षं. त्या काळी ठेवीचे दर बँका ठरवत नसत, रिझर्व्ह बँक ठरवे, आणि तीन वर्षांवरच्या ठेवीला 13 टक्के दर होता. आजोबांनी टाकलेली ठेव. आजोबा 1995 ला गेले. पावती त्यांच्या ट्रंकेत राहिली, आणि घर बदलताना सापडली.

मायलेकींना वाटत होतं, अठरा वर्षं 13 टक्क्यांनी वाढत आलेली रक्कम मिळेल. तसं झालं असतं तर आकडा 50 हजारांच्या घरात गेला असता. प्रत्यक्षात पावती 1997 ला पिकली आणि तिथेच थांबली. तोवर तिचे 9,480 रुपये झाले होते. त्यानंतर ती आमच्या भाषेत 'ओव्हरड्यू'. मुदत संपलेल्या आणि कुणी नूतनीकरण न केलेल्या ठेवीला बचत खात्याचा दर, तोही सरळ व्याजानं. हा दर 1997 ला साडेचार होता, 2000 ला चार झाला आणि 2003 ला साडेतीन. तेरा वर्षांचं व्याज जमेला धरून हातात आले साधारण 14,200 रुपये.

मी त्या दिवशी कागदावर दुसरा हिशेबही मांडला होता, फक्त माझ्यासाठी. 1997 ला पाच वर्षांसाठी 11 टक्क्यांनी, 2002 ला 8 टक्क्यांनी, 2007 ला तीन वर्षांसाठी 9 टक्क्यांनी नूतनीकरण झालं असतं, तर तिला साडेएकतीस हजारांच्या वर मिळाले असते. दर त्या त्या वेळी बाजारात चालत होते तेवढेच धरले आहेत, एकही फुगवलेला नाही. तीन वेळा कुणी येऊन सही केली असती, तर रक्कम दुपटीहून जास्त झाली असती. दुष्काळ नाही, महागाई नाही, कुणाची लबाडी नाही, नुसती ट्रंक.

इथे सोन्याचा विषय निघतोच, सांगलीत तर निघतोच निघतो. आमचा एक गलाईवाला खातेदार प्रत्येक बारशाच्या पावतीला हसायचा: "कागद काय वाढवताय, वळं घ्या." त्याचं म्हणणं तपासून पाहिलं. 1992 ला दहा ग्रॅमचा सरासरी भाव 4,300 च्या आसपास होता आणि 2010 ला साडेअठरा हजार. म्हणजे 5,000 चं सोनं 21 हजारांच्या पुढेमागे गेलं असतं. वेळेवर नूतनीकरण झालेली पावती त्याच्या पुढे होती, ट्रंकेतली पावती मागे. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वळं ट्रंकेत विसरत नाही कुणी." याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. 2010 नंतर सोनं जे वाढलं, त्यानं तर गलाईवाल्याची बाजू आणखी बळकट झाली, ते वेगळंच.

संगणक आले तशी अर्जावर 'आपोआप नूतनीकरण' अशी चौकट आली. ती चौकट कोरी सोडून गेलेले लोक मी निवृत्त होईपर्यंत पाहिले. आताही अर्ज भरताना सही कुठं करायची एवढंच पाहिलं जातं. चौकटीवर खूण नसली तर पिकलेली ठेव आजही पडून राहू शकते. 2021 पासून तिला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यातला जो कमी तो मिळतो. पिकून दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. बुडत नाही, बँकेतूनच मागता येते, पण मागणाऱ्याला ती आहे हे माहीत हवं. 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'उद्गम' हे पोर्टल सुरू केलं. तिथं नाव टाकून वेगवेगळ्या बँकांतल्या अशा रकमा शोधता येतात. अडचण अशी की बारशाच्या पावतीवरचं नाव कधी कधी पोराचं नसतंच. पाळण्यातलं नाव एक, शाळेतलं दुसरं. काही पावत्या तर बारशाआधीच झालेल्या, त्यांवर नुसतं 'बाळ' आणि पुढे बापाचं नाव. पोर्टलमध्ये 'बाळ' शोधणार कसं? अशांना मी सांगतो, आधी ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला नावासकट करून आणा. दाखल्यात आईबापाचं नाव आणि जन्मतारीख पावतीशी जुळली, की निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट, जी सातारकर आणि सांगलीकरांनी पाठोपाठ अनुभवली, ती म्हणजे पावतीच्या माथ्यावरचं बँकेचं नावच नाहीसं होणं. युनायटेड वेस्टर्न बँक साताऱ्याची, 1936 सालची. सांगली बँक 1916 ची. दोन्ही जिल्ह्यांत 'आपली बँक' म्हणजे या दोन. 2 सप्टेंबर 2006 ला युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले आणि एका खातेदाराला दहा हजारांपर्यंतच पैसे काढता येतील असं ठरलं. गणपतीच्या दिवसांतली ती गोष्ट. आमची शाखा वेगळ्या बँकेची, तरी लोक आमच्याकडे येऊन विचारायचे, "तुमची तर नाही ना बुडत?" महिन्याभरात, 3 ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. पुढच्या एप्रिलमध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली.

दोन्ही विलीनीकरणांत ठेवीदाराचं काही बुडालं नाही. जुन्या पावतीवरचा दर मुदत संपेपर्यंत नव्या बँकेनं पाळायचा असतो, तसाच तो पाळला जातो. त्रास झाला तो नंतर. 1990 च्या सुमारास जन्मलेली पोरं अठराची झाली तेव्हा पावतीवर ज्या बँकेचं नाव, ती बँकच गावात उरली नव्हती. शाखा हलल्या, कोड बदलले, ओळखीचे कारकून निवृत्त झाले. आमच्या काउंटरवरही लोक चुकून दुसऱ्या बँकेच्या पावत्या घेऊन यायचे आणि आम्ही त्यांना कुठं जायचं ते सांगायचो. हे कुठल्याच नियमात बसणारं काम नव्हतं, पण गावात राहायचं तर करावंच लागे.

सहकारी बँकांचं प्रकरण याहून कडू. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 2020 मध्ये रद्द केला. त्याआधी तीन वर्षं तिथं पैसे काढण्यावर निर्बंध होते. ठेवींचं विमा संरक्षण त्याच वर्षी फेब्रुवारीत एका लाखावरून पाच लाखांवर गेलं होतं, हे ठेवीदारांचं नशीब. या विम्यातली एक खुबी बारशाच्या पावतीला लागू पडते, पण ती फार कमी लोकांना माहीत असते. बापानं स्वतःच्या नावानं ठेवलेले पैसे आणि तोच बाप अज्ञानाचा पालक म्हणून पोराच्या नावानं ठेवलेले पैसे, यांचा विमा वेगवेगळा धरतात. दोघांना पाच-पाच लाखांचं संरक्षण. म्हणून पोराची पावती पोराच्याच नावानं असू द्यावी, 'नंतर देऊ त्याला' म्हणून स्वतःच्या ठेवीत मिसळू नये.

आता बापाचा विषय निघालाच आहे, तर तासगावच्या एका आप्पांची गोष्ट सांगतो. साल 1998. बेदाण्याचे पैसे हातात आलेले, नातू झालेला. दहा हजार रुपये टेबलावर ठेवून आप्पा म्हणाले, "साहेब, पोराच्या बापाला याला हात लावता येऊ नये, असं काय तरी करा. पालक म्हणून माझंच नाव घाला."

ते जमत नव्हतं. हिंदू कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्यानंतर आई. आजोबा कितीही कर्ता असला तरी कोर्टाच्या आदेशाशिवाय पालक होत नाही. देणारा आजोबा, पण सही बापाची. आणि पालकाची सही असली की ठेव मुदतीआधी मोडता येते. बँकेनं फक्त एक प्रतिज्ञापत्र घ्यायचं, की रक्कम अज्ञानाच्या हितासाठी वापरली जाईल. त्या हिताची तपासणी कुणी करत नाही, करूही शकत नाही. या एका ओळीच्या प्रतिज्ञापत्रावर किती बारशाच्या पावत्या ट्रॅक्टरच्या हप्त्यात, बहिणीच्या लग्नात आणि एखादी दारूतही गेली, हे काउंटरवाल्यांना विचारावं. मोडता न येणारी ठेव द्या, असं आजही आजोबा मागतात. तशा ठेवी असतात, पण त्या मोठ्या रकमांच्या. सामान्य माणसाची एक कोटीपर्यंतची ठेव मुदतीआधी मोडण्याची सोय बँकेला द्यावीच लागते. तो नियम ठेवीदाराच्या भल्यासाठी आहे, फक्त इथं ठेवीदार पाळण्यात असतो.

मी आप्पांना म्हटलं, सुनेचं नाव पालक म्हणून घालू. रिझर्व्ह बँकेनं ही मुभा बँकांना सत्तरच्या दशकातच दिली होती, तरी 1998 मध्ये आमच्या शाखेतले काही जण बापाची सही मागत बसायचे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1999 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन यांच्या खटल्यात आईला पालक मानण्याचा मार्ग मोकळा केला. तो खटला उभा राहिला होता तोच मुळी आईनं मुलाच्या नावानं बाँड घ्यायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केल्यावरून. बँकेनं बापाची सही मागितली आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. आमच्या शाखेत त्या निकालाची बातमी आली तेव्हा हेडक्लार्क एवढंच म्हणाले, "आता तरी सुनांना परत पाठवू नका."

दुसरा सल्ला होता तो असा, की एक पावती दहा हजारांची न करता अडीच हजारांच्या चार करा. मुदत ठेव अर्धी मोडता येत नसे. मोडली तर सगळी मोडते, जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर मिळतो आणि वर साधारण एक टक्का दंड. चार पावत्या असल्या तर अडचणीला एक मोडता येते, बाकी तीन जागेवर राहतात. आप्पांना हे लगेच पटलं. बेदाणा एकाच व्यापाऱ्याला सगळा देत नसावेत ते.

पुढे 2003 चा दुष्काळ आला. आप्पांचा मुलगा एक दिवस बायकोला घेऊन शाखेत आला. विहीर आटली होती, बोअर मारायची होती. प्रतिज्ञापत्राचा छापील कागद मी पुढे सरकवला. मुलाच्या आईनं तो सावकाश वाचला, 'अज्ञानाच्या हितासाठी' या शब्दांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "साहेब, बोअर पोराच्या हिताची धरायची का नाही?"

"ते तुम्ही ठरवायचं, वहिनी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नवऱ्याकडे बघत ती म्हणाली, "एकाच पावतीची सही करते. पाणी लागलं तर लागलं." तो काही बोलला नाही. एक पावती मोडली. त्या पैशात बोअर होणार नव्हती, उरलेले त्यांनी सोसायटीतून उचलले. पाणी लागलं की नाही, ते त्या वर्षी विचारायचं धाडस मला झालं नाही.

सरकारनं मात्र बाप, आई, आजोबा सगळ्यांनाच बाजूला ठेवून पाहिलं. 2014 मध्ये राज्याची 'सुकन्या' योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या घरात मुलगी झाली की तिच्या नावानं सरकार आयुर्विमा महामंडळाकडे 21,200 रुपये भरणार आणि अठराव्या वर्षी तिला एक लाख मिळणार. मुलगी दहावी पास हवी आणि तोवर अविवाहित हवी. 21,200 चे एक लाख म्हणजे हिशेबानं वर्षाला 9 टक्के. घरातलं कुणीही मोडू शकत नाही, नूतनीकरण विसरायला वाव नाही. हीच आप्पांची मागणी होती, फक्त ती सरकारनं पुरी केली. पण दोन वर्षांतच ती योजना 'माझी कन्या भाग्यश्री'मध्ये मिसळली आणि तिथं 50 हजारांच्या मुद्दलावरचं व्याज सहाव्या आणि बाराव्या वर्षी काढायची सोय आली. 2023 ची 'लेक लाडकी' तर टप्प्याटप्प्यानं देते. जन्मानंतर 5,000, पहिलीत गेल्यावर 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75,000. माझं मत विचाराल तर शाळेतल्या टप्प्यांचे पैसे मुलीला शाळेत ठेवायला जास्त उपयोगी, कारण गळती त्याच वर्षांत होते. वाढायला सोडलेली रक्कम ती नव्हे, एवढंच. 2014 ला जन्मलेल्या पहिल्या मुली 2032 मध्ये अठराच्या होतील. तेव्हा त्यांच्या घरी विमा प्रमाणपत्र सापडलं तरी पुरे.

आप्पांच्या नातवाकडे परत येतो. 2016 मध्ये तो आला. मी तेव्हा निवृत्तीला टेकलो होतो. आप्पा नव्हते, पण त्यांच्या सुनेनं तिन्ही पावत्या दर पाच वर्षांनी न चुकता आणून नव्या करून नेल्या होत्या. शेवटच्या खेपेला, 2013 मध्ये, मी मुदत मुद्दाम अशी घातली होती की ती मुलाच्या अठराव्या वाढदिवसानंतर महिन्याभरानं संपावी. काउंटरवाले आपल्या नातवंडांच्या पावत्यांना हेच करतात. वाढदिवसाच्या दिवशी पालकाचा अधिकार संपतो, आणि त्यानंतर पिकलेली ठेव फक्त पोराच्याच सहीनं निघते. आधी पिकली, तर पालक पैसे घेऊन मोकळा होऊ शकतो.

मुलाला पॅन नव्हता, तो काढायला लावला. आधार, फोटो, नमुना सही घेतली, पावत्यांवरचं 'अ.पा.क.' काढलं आणि त्याच्या नावानं बचत खातं उघडलं. जन्मदाखल्यात एका अक्षराचा फरक निघाला, त्यात आठवडा गेला. मग साडेसात हजारांचे साधारण 35,400 रुपये त्याच्या खात्यात जमा झाले. त्याच्या आईनं व्हाउचर हातात घेऊन आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, "चौथी असती तर सत्तेचाळीस झाले असते." तिनं हा हिशेब घरूनच करून आणला होता.